पाच गाई, शंभर लिटर आणि परळचं ते ऑफिस

बेस्टमधून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. भांडुपच्या खोलीत बसून करायचं काय, म्हणून सिन्नरजवळच्या गावी धाकट्या भावासोबत गोठा टाकायचं ठरलं. ओळखीतल्या एकाने परळच्या एका कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटकडे नेलं. तिथे फाईलचे 15,000 घेतले आणि आठ दिवसांत छापील प्रकल्प अहवाल हातात दिला. पाच गाई प्रत्येकी 90,000 म्हणजे साडेचार लाख. शेड दीड लाख. कडबाकुट्टी, दूध काढायचं मशीन, विमा धरून एकूण सात लाख. त्यातले एक लाख आमचे, सहा लाख बँकेचे. पाच वर्षं, 11 टक्के, हप्ता 13,045.

परतफेडीचं गणित असं: एका गाईचं 20 लिटर, पाच गाईंचं रोजचं 100, लिटरला 33 रुपये, महिन्याला 99,000. खुराक, वैरण वजा जाता 49,000 शिल्लक. मी आयुष्यभर तिकिटांचा हिशोब केला, पण हा एकदाही तपासला नाही.

गाय रोज 20 लिटर देत नाही. 20 हा तिचा ऐन भराचा आकडा, विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी येणारा. मग दूध उतरत जातं. गावचे डॉक्टर ढोबळ हिशोब सांगतात: भराचं दूध गुणिले 200, म्हणजे वेताचं, विण्यापासून भाकड होईपर्यंतचं, एकूण. 20 लिटरच्या गाईचं वेत 4,000 लिटरचं. दोन वेतांत अंतर साधारण 400 दिवस, त्यातले शेवटचे दोनेक महिने ती भाकड. 4,000 भागिले 400, रोजचे 10. पाच गाईंचे 50. म्हणजे खरी 20 लिटरची गाय मिळाली असती तरी कागदावरचं दूध दुप्पट होतं!

आणि गाय खरी नव्हतीच. एजंटनेच नगरकडचा व्यापारी सांगितला, कोटेशन त्याचंच, बँकेचे पैसेही थेट त्याच्या खात्यात. आम्ही सकाळी सहाला त्याच्या गोठ्यावर पोचलो. गाई धुऊन उभ्या होत्या, कासा ताणलेल्या, चकचकीत, एकीच्या सडातून दूध गळत होतं. मला ते भरभराटीचं लक्षण वाटलं. समोर पिळून 12 लिटर काढलं. "एका वेळचं हे, आता दोन वेळचं तुम्हीच धरा," व्यापारी म्हणाला. आदल्या संध्याकाळी धार काढलीच नव्हती, हे घरी आल्यावर कळलं. तिथलं 12 लिटर हे दोन वेळचं एकत्र साठलेलं होतं. आमच्या दावणीला सगळ्यांची सरासरी 13 लिटरवर आली, तीही दिवसाची.

आता मी कुणालाही सांगतो, गोठ्यावर संध्याकाळी न सांगता जा, लागोपाठ तीन धारा बघा आणि पहिली मोजूच नका. पिळल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी सैल पडली पाहिजे. आमच्या दोघींच्या तशाच फुगलेल्या राहिल्या, म्हणजे नुसतं मांस. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर खरेदीआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आम्ही तो नंतर दाखवला. दुसऱ्या वेताची म्हणून घेतलेली गाय चौथ्या वेताची निघाली. दात बघितले असते तरी समजलं असतं, ती कधीच जुळलेली, म्हणजे सगळे कायमचे दात आलेली होती.

खरा घात मात्र वेगळ्या गोष्टीने केला. बँकेचे साहेब म्हणाले होते, आधी तीन घ्या, सहा महिन्यांनी दोन. एजंटने आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, "दोनदा गाडीभाडं कशाला?" पाचही गाई एकाच महिन्यात व्यालेल्या घेतल्या, त्यामुळे पाचही एकदमच उतरल्या.

पहिले महिने 65 लिटर डेअरीला, दर 31. महिन्याला साधारण 60,000. खुराक-वैरण 34,500, गड्याचे 12,000, वीज-डॉक्टर 4,000. उरले दहा हजारांच्या आत, हप्ता तेरा हजारांचा. नवव्या महिन्यात दूध 30 लिटरवर आलं, तेव्हा डेअरीचा पगार आणि खाद्याचं बिल जवळपास सारखं झालं. तिथून हप्ते माझ्या पीएफमधून गेले. बायकोने त्यावर एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

शेडचं दीड लाखाचं बांधकामही नको होतं. पाच गाईंना छपराखाली 200 चौरस फूट आणि बाहेर जाळी मारून 400 फूट मोकळं अंगण पुरतं. निम्मा खर्च वाचला असता, तर कर्जही तेवढं कमी झालं असतं.

फुगलेल्या कासेच्या दोघी प्रत्येकी 35,000 ला विकल्या. बँकेत जाऊन मुदत सात वर्षांची करून मागितली, हप्ता कमी झाला. गडी काढला, आता भाऊ आणि वहिनी धारा काढतात. उरलेल्या तिघींपैकी एक श्रावणात विणार आहे, दुसरी थंडीत. तिसरी अजून माजावर आलेली नाही, डॉक्टर पुढच्या आठवड्यात बघणार आहेत.