री-इंजिनिअरिंग की थोडी थोडी सुधारणा: पुरवठादाराच्या बिलावरून ठरवताना

व्यवस्थापनाच्या प्रश्नसंचांत एक प्रश्न थोड्याफार फरकाने हमखास भेटतो. एका कंपनीत पुरवठादारांची बिलं उशिरा चुकती होतात. संचालक ठरवतात की सध्याची पद्धत बाजूला ठेवून सगळं काम कोऱ्या कागदावर नव्याने मांडायचं. हे कशाचं उदाहरण? पर्याय असतात कायझेन, टीक्यूएम, बेंचमार्किंग आणि बीपीआर, म्हणजेच बिझनेस प्रोसेस री-इंजिनिअरिंग. ‘कोरा कागद’, ‘मूलगामी’, ‘नाट्यमय’ यांपैकी एक शब्द दिसला की बीपीआरवर खूण करायची आणि पुढे जायचं. गुण मिळतो. पण त्या कंपनीने तसं करायला हवं होतं का, हे कोणी विचारत नाही. गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात बिलांचं काम तुमच्याकडे असेल आणि वरून ‘प्रोसेस बदला’ असा निरोप आला असेल, तर नेमका तोच प्रश्न तुमच्यापुढे असतो. मी दोन्ही पद्धतींत काम केलं आहे, म्हणून लिहितो.

बीपीआरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. री-इंजिनिअरिंगची कल्पना मांडणाऱ्या मायकल हॅमर यांनी १९९० मध्ये फोर्डचं जे उदाहरण दिलं, ते नेमकं बिलांचंच आहे. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देयक विभागात ५०० हून अधिक माणसं होती. संगणक आणून २० टक्के माणसं कमी करावीत, असा पहिला बेत होता. मग त्यांनी माझ्दाकडे पाहिलं, तर तिथे हेच काम पाच जण करत होते. माझ्दा लहान कंपनी, हे धरूनही फरक फार मोठा होता. फोर्डमध्ये वेळ कुठे जात होता? परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल हे तीन कागद जुळवण्यात. चौदा बाबी ताडून पाहायच्या, आणि एक जरी जुळली नाही तरी पैसे अडकायचे. फोर्डने मग बिलच काढून टाकलं. ऑर्डर डेटाबेसमध्ये, माल आला की गोदामातला माणूस पडद्यावर पाहणार, ऑर्डरशी जुळत असेल तर घेणार आणि नसेल तर परत पाठवणार. घेतला की पैसे आपोआप निघणार. चौदाच्या जागी तीन बाबी उरल्या: भागाचा क्रमांक, मोजण्याचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली.

याच उदाहरणावर प्रश्नसंचात एक चांगला फसवा पर्याय असतो: ‘कार्यपद्धतीचं संगणकीकरण’. तो चूक आहे, आणि का चूक आहे हे फोर्डच्या दोन बेतांतल्या फरकात दिसतं. वीस टक्क्यांचा बेत संगणकीकरणाचा होता. पंचाहत्तर टक्के आले ते जुळवणीचं कामच उरलं नाही म्हणून.

आता माझी तक्रार. पूर्वी मी जिथे होतो तिथे, बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या आराखड्यावरून, जवळजवळ हेच आणलं गेलं. गेटवरच पडद्यावर ऑर्डर उघडायची, जुळलं तर घ्या, नाही तर परत. बिल तपासणारं टेबल बंद. कागदावर आराखडा सुरेख होता. अडलं ते शॉर्ट सप्लायवर.

आमचे कोरुगेटेड खोके घाटावरून यायचे. ऑर्डर पाचशेची, गाडीत चारशे ऐंशी, आणि पावसाळ्यात त्यातल्या खालच्या थरातले काही भिजलेले. नियमाने गाडी परत जायला हवी. पण गाडी घाट उतरून आलेली असते, ड्रायव्हर रात्रभर जागलेला असतो, आणि आत पॅकिंगची लाइन त्याच खोक्यांसाठी थांबलेली असते. गाडी परत पाठवायची कोणाची छाती होणार? म्हणून माल आत यायचा, आणि पडद्यावर ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ यांपलीकडे तिसरी जागा नसल्यामुळे कोणी ‘जुळलं’ करायचं, तर कोणी नोंदच पुढे ढकलायचं. पहिल्यात न आलेल्या खोक्यांचेही पैसे जायचे, दुसऱ्यात आलेल्यांचेही अडकायचे.

जुन्या पद्धतीत हे सांभाळणारे एक भाई होते. चलनाच्या कोपऱ्यात ते पेन्सिलने लिहायचे: ‘४८०, त्यात १२ ओले, पार्टीशी बोललो’. त्या एका ओळीवर तेवढे पैसे बिलातून वजा करणारी डेबिट नोट निघायची आणि उरलेले पैसे वेळेवर जायचे. नव्या आराखड्यात ते टेबल ‘मूल्य न वाढवणारी पायरी’ म्हणून गेलं. भाईंना दुसऱ्या खात्यात पाठवलं, आणि पेन्सिलची ती ओळ कोणत्याच खान्यात आली नाही. पुरवठादारांचे फोन आधी परचेसला, मग अकाउंट्सला, मग थेट मालकांना यायला लागले. मला हे किती नकोसं झालं होतं, ते आजही आठवतं. माझा कौल बराचसा इथेच ठरला, हे आधीच सांगून टाकतो.

यात आपल्याकडची एक कायदेशीर बाबही आहे. जीएसटीत इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घ्यायचं तर टॅक्स इनव्हॉइस हातात हवं, ते पुरवठादाराने भरलेलं आपल्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसायला हवं आणि माल मिळालेला हवा. एकाच बिलाचा माल टप्प्याटप्प्याने आला, तर शेवटचा टप्पा आल्यावरच क्रेडिट. म्हणजे फोर्डसारखं ‘बिलच नको’ हे भारतात अक्षरशः उचलता येत नाही. पैसे देण्याचा निर्णय बिलापासून सोडवता येईल, पण बिल आणि आलेला माल कुठेतरी ताडावेच लागतात. सल्लागाराने अमेरिकेतला नकाशा आणला असेल, तर हे पहिल्याच बैठकीत विचारा.

सध्या जिथे आहे, तिथे आम्ही थोडं थोडं बदलत गेलो. मासाकी इमाई यांनी कायझेन जगापुढे १९८६ मध्ये मांडलं. त्याचा गाभा असा की काम करणाऱ्यानेच आपल्या कामातली अडचण हेरायची, लहान बदल करून पाहायचा, टिकला तर तीच नवी पद्धत. आम्ही प्रथम जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, एका आकड्याच्या जागी तीन घेतले: बिलावरचा, प्रत्यक्ष आलेला, स्वीकारलेला. भाईंची पेन्सिल अशी अधिकृत झाली म्हणा ना. मग तफावत असेल तर डेबिट नोट त्याच दिवशी, महिनाअखेरीची वाट पाहायची नाही. त्यानंतर स्टोअरमधल्याच एकाने विचारलं की तफावत ठरावीक पुरवठादारांच्याच मालात का येते. पाहिलं तर आम्ही पाचशेच्या पटीत मागवत होतो आणि त्यांचे गठ्ठे वेगळ्या संख्येचे होते. गाडीवर गठ्ठे मोजले जायचे, ऑर्डरमध्ये नग. ऑर्डरच गठ्ठ्यांत लिहायला लागलो, तशी तक्रार बरीच निवळली. आकडेवारी ठेवलेली नाही, पण मालकांचा फोन त्या कारणासाठी वाजत नाही, हे खरं.

लर्निंग ऑर्गनायझेशनचा, म्हणजे अनुभवातून शिकत जाणाऱ्या संस्थेचा, भाग इथे येतो, आणि प्रश्नसंच इथेच घोटाळा करतात असं मला वाटतं. ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये सिंगल-लूप आणि डबल-लूप असा भेद केला. ठरलेल्या नियमात चूक दुरुस्त करणं म्हणजे सिंगल-लूप. तो नियमच बरोबर आहे का, हे विचारणं म्हणजे डबल-लूप. विद्यार्थी मग जोडी लावून टाकतात: कायझेन म्हणजे सिंगल-लूप, बीपीआर म्हणजे डबल-लूप. काही उत्तरतालिकाही तशाच असतात. वरचं उदाहरण त्यावर लावून पाहा. डेबिट नोट लवकर काढणं सिंगल-लूप. पण ‘आपण नगांत का मागवतो?’ हा प्रश्न डबल-लूप होता, आणि तो लहान सुधारणांच्या वाटेवर, स्टोअरमधून आला. उलट, आधीच्या कंपनीत सगळी पद्धत उलथली गेली, पण ‘माल जुळत नसेल तर परत जाईल’ हे गृहीतक कोणी तपासलंच नाही. बदल मोठा असणं आणि संस्था शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पीटर सेंगे यांनी १९९० मध्ये शिकणाऱ्या संस्थेच्या ज्या पाच शाखा सांगितल्या, त्यांपैकी ‘मेंटल मॉडेल्स’ म्हणजे अशी मनात बसलेली गृहीतकंच. पाचवी शाखा सिस्टिम्स थिंकिंग, कारण ती बाकीच्या चारांना एकत्र बांधते. क्रम विचारला तर एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तरीही कायझेन सगळीकडे पुरेल असं मी म्हणणार नाही. हॅमर आणि चॅम्पी यांनी १९९३ मध्ये सांगितलेलं आयबीएम क्रेडिटचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. कर्जाचा एक अर्ज पाच टेबलांवरून फिरून पूर्ण व्हायला सरासरी सहा दिवस लागत. दोन वरिष्ठ अधिकारी एक अर्ज स्वतः हातात घेऊन टेबलामागून टेबल फिरले आणि प्रत्येकाला म्हणाले, बाकीचं बाजूला ठेवा, हा आत्ता करा. प्रत्यक्ष काम निघालं दीड तासाचं. बाकी वेळ अर्ज नुसता पडून असायचा. अशा ठिकाणी प्रत्येक टेबलाचा वेग दुप्पट केला तरी सहा दिवसांतला पाऊण तासच वाचणार. त्यांनी पाच तज्ज्ञांच्या जागी सगळा अर्ज हाताळणारा एकच माणूस बसवला आणि काम चार तासांवर आलं. ही री-इंजिनिअरिंगच, आणि तिथे तीच हवी होती.

निर्णयाआधी तेवढी एक फेरी मारा. एक बिल घ्या, गेटपासून बँकेच्या ट्रान्सफरपर्यंत स्वतः घेऊन फिरा. वेळ टेबलांच्या मधे जात असेल तर टेबलं कमी करा, तिथे भीडभाड नको. वेळ एखाद्या टेबलावर तफावत सोडवण्यात जात असेल, तर ते टेबल काढू नका. तफावत कुठून येते ते शोधा. गोव्यातल्या आमच्यासारख्या कारखान्यांत, जिथे बहुतेक माल घाट उतरून येतो आणि पुरवठादार ओळखीचे असतात, तिथे मला दुसरं अधिक दिसलं. तुमच्याकडे वेगळं निघू शकेल. हॅमर आणि चॅम्पी यांचा स्वतःचाच अंदाज होता की ५० ते ७० टक्के कंपन्यांना हवा तो नाट्यमय परिणाम मिळत नाही. प्रश्नसंच हा आकडा ‘७० टक्के प्रकल्प फसतात’ असा छापतात. त्यांनी तो शास्त्रीय मोजणी नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. १९९० मध्ये या विषयावर आरंभीचं लेखन करणाऱ्या थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९९५ मध्ये टीका केली ती माणसं विसरली गेली म्हणून. भाईंचं टेबल आठवलं की ती टीका मला पटते.

स्टाफच्या प्रशिक्षणासाठी प्रश्न काढायची वेळ येते, तेव्हा सुरुवातीचा प्रश्न मी असा बदलून देतो: ‘बिलाच्या प्रक्रियेला नऊ दिवस लागतात. त्यातले आठ दिवस स्टोअर आणि पुरवठादार यांच्यात आलेल्या मालाची संख्या ठरवण्यात जातात. पहिलं पाऊल कोणतं?’ पर्यायांत ‘प्रक्रिया कोऱ्या कागदावर मांडणं’ हा मी मुद्दाम ठेवतो. उत्तर आहे, ऑर्डर आणि चलन यांतलं मोजण्याचं एकक ताडून पाहणं.