एकपानी सारांश: सुरुवात अडचणीने की आकड्याने?

एक मैत्रीण या पेचात आहे: गुंतवणूकदाराला द्यायच्या व्यवसायाच्या सारांशाची पहिली ओळ ग्राहकाच्या अडचणीची, की विक्रीच्या आकड्याची?

घाईतला गुंतवणूकदार वरच्या दोन-तीन ओळींवरच ठरवतो. तिथे आकडा सरस: ‘४० दवाखाने पैसे भरतात, वर्षानंतरही ३६ टिकून आहेत.’ ३६ हा आकडा ४० पेक्षा जास्त बोलतो. मात्र सविस्तर आराखड्याच्या तक्त्यात टिकलेले ३१च निघाले, तर विश्वास तिथेच संपला.

अडचण लिहायला जास्त कष्ट. ‘दवाखान्यांना त्रास होतो’ हे मोघम. कोणाचे किती तास वाया जातात, ते हवं. गुंतवणूकदाराकडे मागायची रक्कम मात्र, सुरुवात कशानेही केली तरी, वरच्या अर्ध्या पानातच.

पैसे देणारे ग्राहक असतील तर आकडा घ्या. उत्पादन अजून घडतंय, किंवा वाचणाऱ्याला क्षेत्रच अनोळखी आहे, तर अडचण.