जुन्या लग्नाची कॅसेट की नवा फोटोबुक?

लग्नात मिळालेल्या वस्तूंनी ज्यांची कपाटं एकदा भरून झाली आहेत, त्यांना तीस वर्षांनी पुन्हा काय द्यायचं? पुन्हा शपथा घेणाऱ्या जोडप्याला नवी वस्तू देण्यापेक्षा त्यांचाच तो पहिला दिवस परत द्यावा, असं मला वाटतं. त्याचे दोन मार्ग मी करून पाहिलेत. मामा-मामींच्या वेळी जुन्या फोटोंचं फोटोबुक केलं आणि दादा-वहिनींच्या वेळी लग्नाची व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून घेतली.

फोटोबुकचं पारडं वरवर जड दिसतं. त्याला टीव्ही लागत नाही, समारंभात ते हातोहात फिरतं, पाहुणेही थांबून बघतात. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके टिपून, स्कॅन केला तर तो दुप्पट आकारात, म्हणजे आठ बाय बारा इंचांतही नीट छापता येतो. अर्थात मूळ फोटोच हललेला असेल, तर तो मोठा करून आणखी हललेला दिसतो.

माझी गाडी अडली ती अल्बमपाशी. मामींचा अल्बम चिकट पानांचा, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेला. त्या काळी घरोघरी असत तसला. वर्षं गेली की तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीला असा धरून बसतो की सोडत नाही. हे मला माहीत नव्हतं. एक कोपरा नखाने उचलला, फोटो थोडा वर आला, म्हणून मी जरा जोर लावला. कागदाचे दोन पदर सुटले आणि मामींच्या आईच्या हनुवटीपासून खांद्यापर्यंतचा भाग पानावरच राहिला. त्यानंतर दात साफ करायचा बारीक दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवून बाकीचे काढले. सात-आठ फोटोंना अख्खी संध्याकाळ गेली आणि तीन तरीही हललेच नाहीत. ते पानासकट स्कॅन केले. शिवाय सगळं गुपचूप चाललेलं, अल्बम मामींच्या नकळत आणलेला. फाटलेल्या फोटोचं काय सांगायचं, हे फोटोबुक हातात ठेवेपर्यंत ठरलं नव्हतं.

कॅसेटला असं काही सोलावं लागत नाही. पण तिचीही कटकट आहे. ती डिजिटल होताना पूर्ण चालवावीच लागते. तीन तासांची असेल तर तीन तास, घाई चालत नाही. डिजिटल करायला देण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून आतली रिळं बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण ती बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. मागच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा शाबूत असेल तर तो मोडून टाका. तो गेला की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करत नाही, चुकून लग्न पुसलं जायचा धोका संपतो.

चित्राकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. मोठ्या टीव्हीवर सगळं धूसर दिसतं आणि कोणी झटकन हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. या रेघा काढून देता का, हे काम देतानाच विचारून घ्यावं.

आणि एक विचारायचंच: मूळ शूटिंगची कॅसेट आहे का? कारण घरात असते ती बहुतेकदा एडिट केलेली, वर गाणी घातलेली, आणि त्या गाण्यांखाली माणसांचे आवाज गेलेले. दादाकडे सुदैवाने दोन्ही होत्या. मूळ कॅसेटमध्ये कॅमेरा बराच वेळ नुसता एका खुर्चीवर रोखलेला आहे, पण मागून वहिनीच्या वडिलांचा आवाज येतो, "अगं, पदर नीट घे, फोटो काढतायत." ते जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण आवाज कुठेच नव्हता.

तीन तास कोणी बसून बघत नाही, हेही खरं. मी वीस मिनिटांचे तुकडे वेगळे काढले आणि अख्खं चित्रीकरण दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवलं.

ज्यांच्या लग्नात शूटिंगच झालं नव्हतं, त्यांच्यासाठी फोटोबुकच बरा, आणि सुट्या फोटोंचा असेल तर उत्तमच. अल्बम चिकट पानांचा निघाला तर फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. जमल्यास प्लॅस्टिक वर उचला, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड पाडा आणि पान तसंच कॅमेऱ्याने टिपा.