डेली बॅकअपचे पैसे भरले, हाती आली २० बाइटची फाइल: सव्वादोन वर्षांच्या होस्टिंगचा अनुभव

आमचा कोल्हापुरी चपलांचा छोटा धंदा आहे. चपला मी करतो, ऑर्डरी आणि पॅकिंग बायको बघते. गिऱ्हाईक वेबसाइटवर पायाची लांबी आणि चवड्याची रुंदी भरतं, त्या मापाने चप्पल शिवून जाते. एकदा माप नोंदलं की पुढच्या वेळी फक्त रंग सांगायचा. अशी ६४० गिऱ्हाइकांची मापं साइटवर होती.

होस्टिंग कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे. सव्वादोन वर्षं तक्रारीला जागा नव्हती. साइट पटकन उघडायची, चॅटवर लगेच उत्तर मिळायचं. शेअर्ड होस्टिंगवर आम्ही 'डेली बॅकअप' वेगळे १,२०० रुपये भरून घेतला होता, दर वर्षी.

एका सकाळी साइटवर फक्त `Error establishing a database connection` एवढंच दिसलं. दोन दिवस 'मेंटेनन्स चालू आहे' असं उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी कळलं की सर्व्हरच्या डिस्क गेल्या आहेत. बॅकअपमधून साइट परत आली, पण फोटो आणि डिझाइन तेवढं आलं. ऑर्डरी, गिऱ्हाइकं, मापं, सगळं कोरं.

मी त्यांच्याकडून बॅकअपच्या मूळ फाइलीच मागून घेतल्या. हा आग्रह धरला नसता तर पुढे दावाच उभा राहिला नसता. भाच्याने बघितलं तर सातही दिवसांच्या डेटाबेसच्या फाइली बरोबर २० बाइटच्या. काहीही आत न घालता gzip ने आवळलं की एवढीच फाइल बनते. अशी फाइल सहसा या ओळीतून तयार होते:

```
mysqldump shop | gzip > shop.sql.gz
```

पासवर्ड बदलला तर डेटाबेसची प्रत काढणारी पहिली कमांड अडते. ती प्रत आवळणारी दुसरी मात्र रिकामं पाकीट नीट बंद करून 'झालं' म्हणते, आणि पॅनलवर रोज हिरवी खूण येते. म्हणजे आमचा बॅकअप डिस्क जायच्या आधीपासूनच पोकळ होता. फाइल खरी आहे का, ते तिची शेवटची ओळ सांगते:

```
zcat shop.sql.gz | tail -n 1
```

इथे `-- Dump completed` दिसलं पाहिजे. आमच्या फाइलीत अक्षरही नव्हतं.

कंपनीने तीन महिने फुकट देऊ केले आणि अटींवर बोट ठेवलं: बॅकअप ही सौजन्य म्हणून दिलेली सोय, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मला हे मान्य नाही. सौजन्याचं बिल नसतं. आमच्या बिलावर बॅकअपची वेगळी ओळ आहे, तिच्यावर जीएसटीही लावलेला आहे. स्पीड पोस्टने नोटीस पाठवली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, उत्तर तेच. मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. कंपनी परगावची असली तरी आपण राहतो तिथे दाखल करता येते, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी लागली नाही.

दोन ठिकाणी घाम फुटला. कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही, आणि कंपनीचा पहिला आक्षेप हाच. म्हणून धंद्यात नोकर नाही, यावरच घर चालतं, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून आयकराचे कागद जोडले. दुसरं, अटीच अन्यायकारक आहेत असा दावा केला असता तर राज्य आयोगाकडे जावं लागलं असतं. वकिलांनी तो मुद्दा बाजूला ठेवून 'सेवेतील त्रुटी' एवढ्यावरच भर दिला. फाइली आणि चॅटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडलं.

मागणी साधी आहे: बॅकअपचे भरलेले पैसे, साइट पुन्हा उभी करण्याचे ३८,००० आणि मनस्तापाची भरपाई. बुडालेल्या विक्रीचा मोठा आकडा टाकावा असं मला फार वाटत होतं. पण तो सिद्ध करायला पेमेंट गेटवेचे महिन्यामहिन्याचे हिशेब लागतात, आणि आमची विक्री सणावारी चढते, एरवी उतरते. तो आकडा काढून टाकला.

नुकसान कमी करायला आपण काय केलं, हेही आयोगापुढे मांडावं लागतं. प्रत्येक ऑर्डरचा मेल बायकोच्या जीमेलवर यायचा. तीन आठवडे रात्री बसून तिने त्यातून ४१० मापं वहीत उतरवली. उरलेल्यांना फोन करतो आहोत. सोलापूरच्या एका आजींनी वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीने काढलेला आकार परवा पोस्टाने पाठवला. अजून २२९ मापं यायची आहेत.