राइट्स इश्यू की प्रायव्हेट प्लेसमेंट: ठरावानंतरची कामे

खासगी मर्यादित कंपनीला भागभांडवल उभारायचे असते तेव्हा कोणता मार्ग घ्यावा, याची चर्चा बहुधा किमतीवर आणि गुंतवणूकदारावर होते. प्रत्यक्षात सध्याच्या भागधारकांना नवे भाग देऊ करणारा राइट्स इश्यू आणि निवडक व्यक्तींना ते देऊ करणारी प्रायव्हेट प्लेसमेंट या दोन मार्गांतील मोठा फरक ठराव झाल्यावर जाणवतो.

राइट्स इश्यूला संचालक मंडळाचा ठराव पुरतो. खासगी कंपनीला हा ठराव कंपनी निबंधकाकडे दाखल करण्यापासून सूट आहे. मात्र वार्षिक विवरणपत्र किंवा ताळेबंद थकवलेल्या कंपनीने ती सूट आपल्याला आहे असे गृहीत धरू नये. येथे खरे काम सभासदांना कळवण्याचे असते. देकारपत्र इश्यू उघडण्याच्या किमान ३ दिवस आधी प्रत्येक भागधारकाला पोहोच मिळेल अशा रीतीने, म्हणजे स्पीड पोस्ट, कुरिअर किंवा ई-मेलने पाठवावे लागते. पुढे वाद झाला, तर ही पोहोच हाच कंपनीचा पुरावा ठरतो. वाटपानंतर ३० दिवसांत पीएएस-३ हा वाटपाची माहिती देणारा फॉर्म दाखल केला की निबंधकाकडचे मुख्य काम उरकते.

प्रायव्हेट प्लेसमेंटला सर्वसाधारण सभेचा विशेष ठराव लागतो आणि तो दाखल करण्यासाठी एमजीटी-१४ हा फॉर्म भरावा लागतो. त्याची मुदत ३० दिवसांची असली तरी तिच्यावर विसंबून राहणे ही नेहमीची चूक आहे, कारण हा ठराव निबंधकाकडे दाखल होईपर्यंत पीएएस-४ हे देकारपत्र देताच येत नाही.

समजा, ठराव १० जूनला झाला, एमजीटी-१४ १२ तारखेला भरला, देकारपत्र १३ तारखेला गेले आणि रक्कम २० तारखेला जमा झाली. वाटप ६० दिवसांत, म्हणजे १९ ऑगस्टपर्यंत व्हायला हवे. ते ५ जुलैला केले, तर पीएएस-३ १५ दिवसांत, २० जुलैपर्यंत भरायचा. तोवर पैसे अनुसूचित बँकेतील स्वतंत्र खात्यातच राहतात. पगाराची तारीख जवळ आली की त्यांना हात लावण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. झाले असेल, तर ते लपत नाही: त्या खात्यातून पहिली रक्कम कधी बाहेर गेली आणि पीएएस-३ च्या पावतीवर कोणती तारीख आहे, एवढे शेजारी ठेवून पाहिले की पुरे. फॉर्मला उशीर झाल्यास कंपनी, प्रवर्तक आणि संचालकांना दररोज १,००० रुपये, कमाल २५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

अधिकृत भांडवल अपुरे असेल, तर दोन्ही मार्गांत ते वाढवण्याचा ठराव आणि त्यानंतर ३० दिवसांत ती वाढ निबंधकाला कळवणारा एसएच-७ हा फॉर्म लागतो. भाग प्रमाणपत्रे वाटपापासून दोन महिन्यांत द्यायची असतात. डीमॅट सक्तीच्या कंपनीत त्याऐवजी भाग सभासदाच्या डीमॅट खात्यात जमा होतात.

पैसे सध्याच्याच भागधारकांकडून येणार असतील आणि ते लगेच वापरायचे असतील, तर माझे मत राइट्स इश्यूच्या बाजूने पडते. बाहेरचा गुंतवणूकदार एकच असला, तरी कंपनीची नियमावली आड येत नसेल तर राइट्स इश्यूतील सभासद आपला हक्क त्याच्या नावे सोडू शकतो का, हे आधी तपासावे. प्रायव्हेट प्लेसमेंटकडे त्यानंतर वळावे, आणि तेव्हा देकारपत्राची तारीख एमजीटी-१४ ची पावती हाती आल्यावरच ठरवावी.