रोस्टचा विनोद आधी कुणाला ऐकवावा: स्टेजवरच्या मित्राला की घरोब्यातल्या मैत्रिणीला?

भर हॉलमध्ये कुणाची टिंगल करायची असेल, तर तो विनोद आधी एका विश्वासातल्या माणसाला ऐकवावा, हे बहुतेकांना पटलेलं असतं. अडतं ते कोणाला, यावर. गेल्या वर्षी शाळेतल्या एका मित्राच्या पन्नाशीला दादरच्या एका हॉलमध्ये साठेक माणसांसमोर मला बोलायचं होतं आणि माझ्यापुढे दोन पर्याय होते. एक मित्र अंधेरीकडे ओपन माइक करतो. दुसरी आमची वर्गमैत्रीण. तिचं उत्सवमूर्तीच्या घरी आठवड्याला जाणं-येणं असतं. मी दोघांनाही ऐकवलं, त्यामुळे फरक सांगू शकतो. मात्र हा एका कार्यक्रमाचा अनुभव आहे, तेवढंच त्याचं वजन धरा.

विनोद असा होता: ‘याने पनवेलला फ्लॅट बुक केला तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता मुलगी दहावीत आहे आणि फ्लॅट अजून बालवाडीत.’

स्टेजवरच्या मित्राला मी हा आधी व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याने हसऱ्या चेहऱ्याची एक खूण पाठवली, आणि त्यातून मला काहीच कळलं नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने हसण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांत माणूस एकटा असताना जितकं हसतो, त्याच्या साधारण ३० पट इतरांच्या सोबतीत हसतो, असं दिसलं होतं. लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचणारा मित्र एकटाच असतो. तो हसला नाही तर विनोद पडला असं नाही, आणि खूण पाठवली तर चालला असंही नाही. म्हणून दोघांपैकी कोणीही निवडा, पण विनोद समोर बसून, तोंडाने, हॉलमध्ये बोलाल त्याच आवाजात ऐकवा.

मग मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. त्याचा एक मोठा फायदा मान्य करायलाच हवा. तो उत्सवमूर्तीला ओळखत नाही, त्यामुळे सेटअप कुठे अपुरा आहे ते त्याला लगेच कळतं. ‘पनवेलचा फ्लॅट अडकलाय हे ऑफिसच्या लोकांना माहीत असेल का?’ हा त्याचा पहिलाच प्रश्न. मला तो सुचला नव्हता, कारण आम्हा शाळेतल्यांना ती गोष्ट पाठ होती. त्याने ‘अजून’ हा शब्दही शेवटी नेऊन पाहिला आणि परत होता तिथेच ठेवला. ‘बालवाडीत’ हाच पंच आहे, त्याच्यानंतर एकही शब्द येता कामा नये, हे त्याने एका मिनिटात समजावलं. असं कान असलेलं माणूस दुसरीकडे मिळत नाही.

पण एका गोष्टीचा मला त्रास झाला आणि माझा निर्णय तिथेच झाला. तो हसत नाही. तो ऐकतो, मान डोलावतो, ‘चालेल’ म्हणतो आणि लगेच दुरुस्तीला लागतो. विनोद ऐकवायचा तो समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहण्यासाठी. इथे चेहऱ्यावर काही उमटायच्या आतच टॅग येतो, म्हणजे पंचनंतर जोडलेलं आणखी एक विनोदी वाक्य. त्याने जोडलेला टॅग होता: ‘वहिनींना विचारा, नवऱ्याचं पझेशन तरी वेळेवर मिळालं होतं का?’ कारागिरी म्हणून वाक्य चोख होतं. मी खूश होऊन उठलो. घरी येताना लक्षात आलं की गेलो होतो एक विनोद तपासायला आणि परतलो दोन घेऊन, त्यातला दुसरा कोणीच तपासलेला नाही. शिवाय त्याचं टोक आता नवऱ्यावरून बायकोकडे वळलं होतं.

दोन दिवसांनी मैत्रिणीला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटलो आणि दोन्ही वाक्यं म्हटली. पहिल्यावर ती मोकळी हसली. दुसऱ्यावरही हसली, पण हसण्याआधी तिचा चेहरा क्षणभर थांबला. रोस्टच्या विनोदात शोधायचा असतो तो हाच क्षण. हसू उशिरा आलं याचा अर्थ मधे मनात काहीतरी तपासलं गेलं. मी विचारलं, ‘काय झालं?’

‘अरे, त्या फ्लॅटसाठी वहिनींच्या पाटल्या मोडल्यात,’ ती म्हणाली. ‘त्या कोणाला बोलल्या नाहीत. तू हे बोललास तर हसतील, पण घरी जाऊन रडतील.’

मला हे माहीत नव्हतं, चाळीस वर्षांची मैत्री असून. टॅग गेलाच, पण मूळ विनोदही मी सोडला. फ्लॅट अडकणं हे त्याच्यावर आलेलं संकट होतं, त्याची खोड नव्हे. मग तिनेच आठवण करून दिली की हा दर रविवारी साइटवर जातो आणि पिलरसोबतचा फोटो ग्रुपवर टाकतो. ही गोष्ट तो स्वतः हौसेने सगळ्यांना दाखवतो. नवा विनोद तिथून आला: ‘दर रविवारी हा पनवेलला पिलरला भेटायला जातो. अकरा वर्षांचे फोटो आहेत. पिलर तसाच आहे, याचे केस गेले.’ विषय तोच, पण घाव त्याच्या हौसेवर आणि टकलावर, आणि या दोन्हींवर तो स्वतःच आधी बोलतो.

मैत्रिणीच्या बाजूलाही उणं आहे. ती जपते, जरा जास्तच जपते. त्याच्या उशिरा येण्यावरचा साधा विनोदही तिला नको होता. तेव्हा मी एक भेद करायला शिकलो: तिने कारण म्हणून मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली, तर विनोद काढायचा. नुसतं ‘नको रे, वाईट दिसेल’ म्हणाली, तर कोणाला आणि का, हे विचारायचं. उशिरा येण्याबद्दल तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून तो विनोद राहिला. दुसरं म्हणजे तिला सगळा संदर्भ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे अपुऱ्या सेटअपवरही ती हसते. ‘अकरा वर्षांचे फोटो’ हे वाक्य ऑफिसच्या लोकांसाठी घालावं लागेल, हे मला टपरीवरच्या त्या पहिल्या प्रश्नामुळेच सुचलं.

दोघांनाही जमत नाही अशी एक गोष्ट आहे. ते हॉलमधल्या माणसांच्या वतीने सांगू शकतात, फोनवर नंतर बघणाऱ्यांच्या वतीने नाही. वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये डिसेंबर २०१४ मध्ये झालेला मोठा रोस्ट मुंबईकरांना आठवत असेल. ज्यांची टिंगल झाली ते राजीखुशीने स्टेजवर बसले होते. वादळ उठलं ते व्हिडिओ बाहेर आल्यावर, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तो काढावा लागला. तेव्हा पन्नाशीच्या हॉलमध्येही फोन खाली ठेवायला आधीच सांगून ठेवा.

वेळ असेल तर दोघांनाही ऐकवा, पण क्रम माझ्या उलट ठेवा: आधी घरोब्यातलं माणूस, मग शब्दांसाठी स्टेजवरचा मित्र. त्याने नवा टॅग दिला, तर तो पुन्हा कट्ट्यावर. एकालाच भेटणं शक्य असेल, तर मी तरी कट्ट्यावरच जाईन, तेही तीन-चार दिवस आधी. हॉलच्या जिन्यात ऐकवलं तर विनोद काढायला धीर होत नाही. आणि ‘विनोदी आहे का?’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारतो, ‘हे ऐकून हॉलमधलं कोण खाली बघेल?’

त्या संध्याकाळी पिलरच्या वाक्यावर सगळ्यात आधी वहिनी हसल्या. त्यांनी मागे वळून मैत्रिणीकडे पाहिलं, आणि मैत्रीण माझ्याकडे.