शंका आम्ही विचारली, उत्तर दुसऱ्याच शंकेला आलं

पाइपलाइनच्या एका कामात खडकाच्या खोदाईचे पैसे आम्हाला मिळाले नाहीत. निविदा भरण्याआधी नेमकी हीच शंका आम्ही लेखी विचारली होती, तरीही. यात फसवणूक कुठे आहे, ते कागद पाहून कळत नाही. कागद अगदी नियमाला धरून आहेत. म्हणून सविस्तर लिहितोय.

निविदेत विसंगती उघड होती. तांत्रिक तपशिलात कलम 7.3 सांगत होतं, ‘सर्व प्रकारच्या भूस्तरात खोदकाम, दर सर्वसमावेशक’. परिमाणपत्रकातली बाब 12 मात्र ‘खोदकाम, कठीण खडक वगळून’ अशी होती आणि खडकासाठी वेगळी बाब कुठेच नव्हती. मग खडक लागला तर तो जादा बाब म्हणून मोजायचा, की आपल्याच दरात सोसायचा? मातीला साधं एक्स्कॅव्हेटर पुरतं, खडकाला ब्रेकर लावावा लागतो. दोन्हींचा दर एक असूच शकत नाही.

आमच्या पत्रात चौथी शंका अशी होती:

‘4. तांत्रिक तपशील, कलम 7.3: “सर्व प्रकारच्या भूस्तरात खोदकाम, दर सर्वसमावेशक”. परिमाणपत्रक, बाब 12: “खोदकाम, कठीण खडक वगळून”. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत. कठीण खडक आढळल्यास त्याचे मोजमाप व देयक स्वतंत्र होईल का?’

प्री-बिड बैठकीत संबंधित अधिकाऱ्याने ती मोठ्याने वाचली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘होईल. खडक वेगळा धरू.’ नंतर उत्तरांचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात शंकेच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘कलम 7.3: खोदकामाबाबत खुलासा करावा.’ उत्तराच्या रकान्यात: ‘निविदेतील अटींनुसार.’ बाब 12 गायब, विरोध गायब, ‘का?’सुद्धा गायब. शंका आमची राहिलीच नव्हती.

मी लगेच फोन केला. ‘अहो, तक्ता कारकुनाने संक्षेपात केलाय. शुद्धिपत्रकात येईल, परत पत्र पाठवू नका, उगाच तारीख पुढे जाते,’ असं उत्तर मिळालं. शुद्धिपत्रक आलंही. त्यात फक्त निविदा उघडण्याची नवी वेळ होती.

काम आम्हाला मिळालं, चरात खडक लागला, आम्ही जादा बाबीची मागणी केली. नकाराच्या पत्रात तीन आधार होते: कागदपत्रांच्या प्राधान्यक्रमात तांत्रिक तपशील परिमाणपत्रकाच्या वर आहे, तोंडी खुलासे बंधनकारक नाहीत, आणि, हे खास, ‘याबाबत आपल्या शंकेचे निरसन निविदापूर्व टप्प्यात करण्यात आले आहे.’ आमचीच शंका आमच्याविरुद्ध पुरावा झाली.

पुढे त्याच बैठकीला आलेल्या दुसऱ्या एका ठेकेदाराशी बोलणं झालं. त्याला त्या कार्यालयाचा आधीच्या कामात हाच अनुभव आला होता, म्हणून त्याने खडक दरात धरला होता आणि त्याचा दर आमच्यापेक्षा चढा गेला. तोंडी ‘हो’ने दर खाली येतात, लेखी ‘अटींनुसार’ने पैसे वाचतात. हा कारकुनाचा संक्षेप नव्हता.

आता माझी शंका संक्षेप करता येऊ नये अशी लिहितो. दोन कलमांचा विरोध असेल तर त्याचे दोन क्रमांक करतो, 4(अ) आणि 4(ब), आणि प्रत्येकाचं उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल असं वाक्य ठेवतो:

‘4(अ). कलम 7.3 व बाब 12 यांत विरोध आल्यास बाब 12 ग्राह्य धरली जाईल: होय / नाही. 4(ब). होय असल्यास, कठीण खडकाची स्वतंत्र बाब शुद्धिपत्रकाद्वारे समाविष्ट केली जाईल: होय / नाही.’

दुसरा भाग महत्त्वाचा आहे. कितीतरी निविदांमध्ये खुलाशाने अटी बदलत नाहीत, बदलतात त्या शुद्धिपत्रकाने. म्हणून खुलासे करारात धरले जातात का, हे कलम आधी वाचावं. मात्र शंकेत आपली कामाची पद्धत किंवा दराचा अंदाज उघड करू नये, कारण उत्तरांसोबत शंकाही सगळ्या स्पर्धकांना दिसतात.

तक्ता आला की माझं मूळ पत्र शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडतो. शंका बदललेली असेल आणि शंका पाठवण्याची मुदत उरली असेल, तर ‘आमची शंका क्र. 4 मूळ स्वरूपात अनुत्तरित आहे’ असं लगेच कळवतो. बैठकीत तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी ते लेखी पाठवून इतिवृत्तात घेण्याची मागणी करतो. तरीही ‘निविदेतील अटींनुसार’च आलं, तर वाईट अर्थ धरून दर लावायचा, नाहीतर निविदा सोडायची. ‘खडक वेगळा धरला आहे’ अशी अट आपल्या देकारात घालण्याचा मोह होतो, पण सशर्त देकार बहुधा तिथेच बाद होतो.